मांजरीचं पांढरं पोट

एप्रिल लागला होता. सकाळी नऊलाच गॅलरीची फरशी तापायची आणि हॉलमध्ये कूलर सुरू करावा लागायचा. अशा दिवसांत बाबा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायला लागले. मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. मी दोनदा पाहिलं आणि सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांना वारा सोसत नाही, अशी मीच माझी समजूत घातली. शाळेचे वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घरी आणले होते, डोकं त्यात होतं.

बाबा जानेवारीत आमच्याकडे मनीषनगरला राहायला आले. डिसेंबरात आई गेली. उमरेडच्या घरात ते एकटे राहतो म्हणत होते, पण त्यांना शुगर आहे आणि स्वयंपाकाचं त्यांना काहीच येत नाही. त्यांनी आयुष्यभर हातमाग चालवला. तो बंद पडल्यावर एका कापडाच्या दुकानात ठाण मोजायला होते. कमी बोलतात. आमच्याकडे आल्यावर तर आणखीच कमी. नाश्ता झाला की पेपर घेऊन कूलरसमोरच्या खुर्चीत बसायचे, जेवायच्या वेळी उठायचे. मी शाळेतून आले की त्यांना विचारायची, आज काय केलं, आणि ते म्हणायचे, बसलो होतो.

मांजर त्यांच्या आधीपासून घरात होती. ऑगस्टमध्ये शाळेच्या सायकल स्टँडखाली सापडलेलं पिल्लू, मुठीएवढं. पाठ राखाडी, तिच्यावर काळे पट्टे, आणि पोट पांढरं. नवऱ्याला मांजर नको होती. तो मौद्याच्या पॉवर प्लांटमध्ये आहे, पहाटे स्टाफ बसनं जातो, संध्याकाळी थकून येतो. त्याचं म्हणणं एवढंच होतं की जे करायचं ते तू कर, माझ्यावर काही येऊ देऊ नको. मी हो म्हटलं होतं.

त्या सोमवारी सकाळी बाबांनी चहाचा कप डाव्या हातानं उचलला. त्यांना डाव्या हातानं काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी उजवा हात दाखवा म्हटलं तर त्यांनी तो मांडीखाली सरकवला, लहान मुलासारखा. मी जवळ जाऊन तो बाहेर काढला. तर्जनी बुडापासून सुजून जाड झाली होती, ताणलेली, लालसर जांभळी. तळहाताच्या मागेही सूज चढली होती. तर्जनीच्या बुडाशी दोन बारीक ठिपके होते, सुईनं टोचल्यासारखे, वरून बंद झालेले. हात चटके देत होता.

मी बाहीचं बटण काढलं. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. काही ताजे, काही खपली धरलेले, काही वाळून पांढरे पडलेले. एका दिवसाचे नव्हते ते.

"काही नाही वं," बाबा म्हणाले. "थोडंसं खरचटलं."

"मांजरीनं केलं?"

त्यांनी बाही खाली ओढली. मग म्हणाले, "तिची काही चूक नाही. मीच हात लावला."

चावली कधी ते विचारलं तर काल दुपारी. धुतलं का, तर पाण्याखाली धरलं. सांगितलं का नाही, तर ते डाव्या हातानं बाहीचं बटण लावायला लागले. मी शाळेत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. हे करताना माझा आवाज नीट होता, पण पायात चप्पल घालताना मला डावी-उजवी कळेना.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, की बोट सरळ होतं का. होत नव्हतं. त्यांनी ते किंचित सरळ करून पाहिलं तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले. कुत्र्याच्या चाव्यापेक्षा मांजरीचा चावा दिसायला लहान असतो, पण तो फसवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दात बारीक आणि टोकदार, सुईसारखे आत खोल जातात, तोंडातले जंतू खाली सोडतात, आणि वरची कातडी लगेच मिटते. आत सगळं कोंडून राहतं. त्यातून शुगर. त्यांनी एका सर्जनचं नाव लिहून दिलं, आत्ताच जा म्हणाले, आणि मग विचारलं, "मांजरीला रेबीजची लस दिलेली आहे ना?"

मी म्हटलं, हो. लगेच म्हटलं. पहिल्या डोसच्या वेळी तिला टोपलीत घालून मी स्वतः नेलं होतं.

सर्जननी त्याच दिवशी बाबांना दाखल करून घेतलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, सलाईनमधून अँटिबायोटिक, शुगर तपासली तर ती साडेतीनशेच्या वर. रेबीजच्या लसीचा पहिला डोस दंडात दिला, आणि दुसरं एक औषध चाव्याच्या भोवती टोचलं. सुजलेल्या बोटात सुई जाताना बाबांनी डाव्या हातानं पलंगाची दांडी धरली, तोंडातून आवाज काढला नाही. नर्सनं जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुतली होती का विचारलं. तेवढं लगेच झालं असतं तर पुष्कळ फरक पडला असता, म्हणाली. मला ते माहीत नव्हतं. बाबांना तर नव्हतंच.

दुपारी त्यांचे कपडे घ्यायला घरी आले. कपाटातून मांजरीचं लसीचं कार्ड काढलं, डॉक्टरांना दाखवायला. पहिला डोस नोव्हेंबरातला. खाली दुसऱ्याची तारीख लिहिलेली, डिसेंबरातली, आणि त्यापुढचा रकाना रिकामा. ती तारीख आईच्या तेराव्याच्या आसपासची होती. तेव्हा राहून गेलं आणि नंतर मी ते कार्ड उघडलंच नाही.

मी पलंगावर बसले. मांजर आली, माझ्या घोट्याला डोकं घासलं आणि धप्पकन फरशीवर आडवी झाली. मग पाठीवर. पुढचे पाय छातीशी दुमडलेले, पांढरं पोट वर, डोळे अर्धे मिटलेले. मी पाय उचलून पलंगावर घेतले. आठ महिने जिला मी मांडीवर झोपवलं, तिची मला त्या वेळी भीती वाटली.

कार्डाची गोष्ट सर्जनना सांगताना माझी मान खाली होती. ते म्हणाले की आपण पूर्ण कोर्स देतोच आहोत, तो सोडायचा नाही. पण मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. ती नीट खात-पीत राहिली, दहा दिवस धडधाकट राहिली, तर चावली तेव्हा तिला रेबीज नव्हता हे पक्कं समजा. काही वेगळं दिसलं, लाळ, आवाज बदलणं, चाल बिघडणं, तर लगेच कळवा.

दहा दिवस. मी मोबाइलमध्ये रविवारपासून मोजून खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या बोटाला चीर देऊन आतून धुवावं लागलं. बोट वाकवणारा स्नायूचा दोर ज्या आवरणातून जातो त्यात पू गेला होता. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नवरा आणि मी बसलो होतो. त्यानं सुट्टी घेतली होती. तो म्हणाला की मामाजी घरी यायच्या आत मांजरीची सोय कर; बाबांना तो मामाजी म्हणतो. मी म्हटलं, दहा दिवस तिला कुठंच पाठवता येत नाही. तो म्हणाला, मग अकराव्या दिवशी. त्याच्या ओळखीत मौद्याकडे कोणाचं गोदाम होतं, तिथं उंदीर झालेत, मांजर तिथं सुखानं राहील. तो चुकीचं बोलत होता असं मला त्या वेळी म्हणता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी मांजरीला टोपलीत घालून गुरांच्या आणि घरच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं, त्यांनीच पहिली लस दिली होती. पन्नाशीच्या, अंगावर कायम निळा एप्रन. त्यांनी मांजरीचं तोंड उघडून पाहिलं, डोळे पाहिले, टेबलावर चालवून पाहिलं, आणि आजाराचं काही लक्षण नाही म्हणाल्या. तरी दहा दिवस पाहायचेच. मग मला खुर्चीत बसवून नेमकं काय झालं ते विचारलं.

मला नेमकं माहीतच नव्हतं. आदल्या संध्याकाळी बाबांकडून थोडं थोडं काढून घेतलं होतं, तेवढं सांगितलं. रोज दुपारी मांजर त्यांच्या खुर्चीसमोर येऊन लोळायची, पोट वर करायची. ते वाकून पोटावरून हात फिरवायचे. एक-दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा ती दोन्ही पंज्यांनी हात कवटाळायची आणि चावायची, मागच्या पायांनी ओरबाडायची. रविवारी त्यांनी हात जोरात मागे ओढला, तेव्हा दात खोल गेला.

"मला एक सांगा मॅडम," मी म्हटलं. "तिला नको होतं तर ती पोट दाखवायला आली कशाला?"

"पोट दाखवणं म्हणजे पोटाला हात लावा असं नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "ती एवढंच सांगत असते की मी तुझ्याजवळ निवांत आहे. तुझी भीती नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोट ही मांजरीची सगळ्यांत नाजूक जागा. सगळे महत्त्वाचे अवयव तिथं, आणि वर फासळ्यांचं कवच नाही. अनोळखी माणसासमोर ती ते उघडं टाकणार नाही. ओळखीच्या माणसासमोर टाकते, हीच तिची आपुलकी. पण कोणी त्या जागेला हात घातला की तिचं शरीर विचार करत बसत नाही, वाचवायला धावतं. आणि पाठीवर पडलेली मांजर हरलेली नसते. तिचे चारही पंजे आणि दात त्या वेळी मोकळे असतात. मांजर मांजरीशी भांडताना मुद्दाम पाठीवर जाते. पुढच्या पायांनी धरायचं, दात लावायचे, मागच्या पायांनी खरवडायचं. बाबांच्या हाताला तिनं तेच केलं होतं. काही मांजरींना पोट कुरवाळलेलं चालतं, पण त्या थोड्या.

"एक-दोनदा तर ती चालवून घेत होती," मी म्हटलं.

"तेव्हाही ती सांगत असणार. शेपटीचं टोक हलवत असेल, आपटत असेल. कान बाजूला वळतात. बाहुल्या मोठ्या होतात. पाठीची कातडी थरथरते. तुमच्या वडिलांना ते कळणार कसं, त्यांना कोणी सांगितलंच नसेल." त्यांनी स्वतःचा हात टेबलावर ढिला ठेवून दाखवला. "आणि हात ओढायचा नाही. पळणारी वस्तू म्हणजे शिकार. तिनं धरलं तर हात ढिला सोडून गप्प राहायचं. ती आपोआप सोडते."

मी मान डोलावत होते. मग त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "लहान असताना हिच्याशी हातानं कोण खेळायचं?"

मी खेळायची. रोज संध्याकाळी. चादरीखाली हात हलवायचा, पिल्लू उडी मारून धरायचं. मग तिला उताणी करून पोटावर गुदगुल्या करायच्या, ती माझं मनगट कवटाळून इवल्या दातांनी चावायची, मागच्या पायांनी लाथा मारायची, आणि मी हसायची. बहिणीला व्हिडिओ पाठवले होते मी. त्यात माझं हसणं ऐकू येतं.

मी डॉक्टर मॅडमला खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बहुतेक लोक हेच करतात, म्हणाल्या. पिल्लाच्या दातांनी काही होत नाही म्हणून गंमत वाटते, पण पिल्लू शिकतं की हात हे खेळायचं सावज आहे, आणि मोठं झाल्यावर तेच दात खोल जातात. आता हातानं खेळणं बंद. काठीला काहीतरी बांधून खेळवा, दोरा असेल तर खेळ झाल्यावर उचलून ठेवा, मांजरी दोरा गिळतात. आणि कुरवाळायचं तर गालाला, हनुवटीखाली, कानाच्या मागे. तेही ती स्वतः डोकं पुढे करेल तर.

टोपली मांडीवर घेऊन ऑटोत बसले तेव्हा आतून तिचा बारीक आवाज येत होता. लस मी चुकवली. हात धरायला मी शिकवलं. भोगत होते बाबा, आणि घराबाहेर जायची पाळी येणार होती मांजरीवर. मला मात्र कोणी काही म्हणत नव्हतं.

पाचव्या दिवशी मांजर दिसेनाशी झाली.

सकाळी दवाखान्यात डबा पोचवून साडेदहाला परत आले. वाटीतलं खाणं तसंच होतं. पलंगाखाली नाही, कपाटामागे नाही, वॉशिंग मशीनच्या मागे नाही. मागच्या गॅलरीची जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली होती. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, खाली पत्र्याचं शेड आहे, तिथून ती उतरू शकते. पण जाळी आधीपासून उचकटलेली होती की कोणी काढली, ते मला आठवेना.

मी नवऱ्याला फोन लावला. काय बोलावं हे ठरवलं नव्हतं. थेट विचारलं, मांजर कुठं आहे.

पलीकडे मशीनचा आवाज होता. तो बाजूला गेला असावा, आवाज कमी झाला.

"मी स्टाफ बसनं येतो," तो म्हणाला. "तिले काय डब्यात घालून आणलं मी?"

तो म्हणाला, मला ती नको आहे हे खरं, पण दहा दिवस म्हणजे दहा दिवस हे मलाही कळतं, मामाजींच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि फोन ठेवला. मला माफी मागायचं सुचलं तोपर्यंत उशीर झाला होता.

मग मी उन्हात निघाले. डोक्याला ओढणी बांधून सोसायटीच्या चारही बाजूंनी फिरले. शेडवर पाहिलं, गाड्यांखाली वाकून पाहिलं, शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिरून हाका मारल्या. सिमेंटच्या पोत्यांवर दुसरीच दोन मांजरं झोपली होती. बारा वाजले, एक वाजला. रस्त्यावर माणूस नव्हतं. दर वेळी कुठंतरी राखाडी काही दिसलं की मी धावायची, आणि मग ती प्लॅस्टिकची पिशवी निघायची. ती आजारी असेल आणि मरायला कोपऱ्यात गेली असेल, हा विचार मी सारखा ढकलत होते. सर्जननी सांगितलं होतं, मांजर हरवली तरी घाबरायचं नाही, लस चालू आहे. ते मला पाठ होतं. त्याचा काही उपयोग होत नव्हता.

दोन वाजता बाबांचा फोन आला, डाव्या हातानं लावलेला. ते रोज एकच विचारायचे.

"मांजर खाऊन राहिली काय वं?"

"हो बाबा," मी म्हटलं. "आत्ताच खाल्लं."

ती खाते म्हणजे आपल्याला धोका नाही, म्हणून ते विचारतात, असं मी धरून चालले होते. एका गाडीच्या सावलीत टेकून मी थोडा वेळ उभी राहिले. वडिलांशी अशा गोष्टीत खोटं बोलायची वेळ माझ्यावर आधी आली नव्हती.

चार वाजता वॉचमनची बायको मला शोधत वर आली. मीटरच्या खोलीत काही तरी आहे, म्हणाली, जुन्या कूलरच्या गवताच्या ताट्या ठेवल्यात त्याच्या मागे. मी तिच्या मागे खाली धावले. खोलीत अंधार, गवताचा कुबट वास. ताट्यांच्या फटीत दोन डोळे चमकले. मी खाली बसले आणि हळू आवाजात बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली. अंगाला गवताच्या काड्या लागलेल्या. चाल नीट होती. तोंडाला लाळ नव्हती. तिनं माझ्या गुडघ्याला डोकं घासलं आणि तिथंच त्या मळक्या फरशीवर अंग टाकलं, पाठीवर गेली, पोट वर.

मला इतकं बरं वाटलं की माझा हात सरळ त्या पोटाकडे गेला. आठ महिन्यांची सवय. वीतभर अंतरावर मी तो थांबवला. तिच्या शेपटीचं टोक हललं होतं, एकदाच. मी हात फरशीवर ठेवला, बोटं मिटून, आणि वाट पाहिली. ती थोडा वेळ तशीच पडून माझ्याकडे पाहत होती. मग कुशीवर वळली, उठली, आणि तिनं आपला गाल माझ्या बोटांच्या पेरांवर घासला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

घरी तिनं वाटीभर खाल्लं आणि पाणी प्यायली. तिच्या समोर बसून मी ते पाहिलं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं की सकाळी मी चुकीचं बोलले. तो हूं म्हणाला. चहा घेऊन मागच्या गॅलरीत गेला आणि अंधार पडेपर्यंत तार आणि पक्कड घेऊन जाळी बांधत बसला.

बाबा सहाव्या दिवशी घरी आले. हाताला मोठं बँडेज, चेहरा उतरलेला. मांजरीला मी आतल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. ते खुर्चीत बसले आणि इकडं-तिकडं पाहायला लागले. मी त्यांना डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं, पोटाचं, शेपटीचं, हात न ओढण्याचं. चादरीखालच्या खेळाचंही सांगितलं. आणि लसीचं. आदल्या दिवशी ती हरवली होती आणि मी फोनवर खोटं बोलले, तेही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, इतके दिवस ती चावत होती, तर तुम्ही हात लावायचं सोडलं का नाही. मला का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं त तू तिले हाकलून देशीन, वाटलं मले," ते म्हणाले. त्यांनी बँडेजचा हात मांडीवर नीट ठेवला. कूलरचा आवाज चालू होता. "थे येऊन समोर अंग टाके. पोट दाखवे. कोणी आपल्यापुढे असं अंग टाकलं त हात कसा नाही लावाचा, सांग. तुही आई गेल्यापासून माह्याजवळ असं कोणी आलं नाही."

मी त्यांच्या पायाशी बसले होते. वर पाहायची हिंमत झाली नाही.

"मंग थे चावे," ते म्हणाले. "मले वाटे, माह्या हातातच काही असन. तिले पटत नसन तो. उद्या पटन म्हणून मी पुन्हा लावो."

मी त्यांना म्हटलं, हातात काही नाही बाबा. जागा चुकली फक्त. ती तुमच्याजवळ येते कारण तुम्ही तिला बरे वाटता. हे सांगताना मला रडू येत होतं. ते मान हलवत राहिले, त्यांना पटलं की नाही कळलं नाही.

जानेवारीपासून ते माझ्या घरात होते. मी रोज विचारत होते, काय केलं, आणि उत्तर ऐकायच्या आत स्वयंपाकघरात जात होते.

आठव्या दिवशी मी मांजरीला हॉलमध्ये सोडलं. मी आणि नवरा दोघंही उभे होतो. ती खुर्चीपाशी गेली, बाबांच्या पायाला घासली आणि नेहमीच्या जागी आडवी झाली. पोट वर. बाबांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. मला वाटलं, हे इथंच थांबवावं. पण ते तिच्या शेपटीकडे पाहत होते. तुटलेलं सूत शोधताना ते मागावर असेच वाकून पाहायचे. थोड्या वेळानं मांजर उठली, उडी मारून शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिनं मान पुढे केली. बाबांनी डाव्या हाताचं एक बोट पुढे धरलं. तिनं ते हुंगलं आणि हनुवटी त्यावर घासली.

"इथं चालते तिले," बाबा म्हणाले, कोणाकडे न पाहता.

नवरा म्हणाला, मी आंघोळीला जातो.

दहावा दिवस गेला. मांजर खात होती, पीत होती, सकाळी घरभर धावत होती. मी सर्जनना कळवलं. तरी बाबांचे पाचही डोस पूर्ण केले, आणि मांजरीलाही नेऊन राहिलेली लस दिली. या वेळी कार्ड कपाटात न ठेवता फ्रिजवर लावलं. मौद्याच्या गोदामाचा विषय नवऱ्यानं पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. तो तिला अजून हात लावत नाही, पण जेवताना ती त्याच्या पायाशी आली तर तिला उठवतही नाही.

बाबांची तर्जनी आता पूर्ण मिटत नाही. फिजिओथेरपिस्टकडे महिनाभर नेलं. थोडा फरक पडला, मग थांबला. शर्टाचं बटण लावताना ते अडखळतात, आणि मी लावून देते म्हटलं तर नको म्हणतात. त्यावरून त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवलेला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटतं.

परवा माझी बहीण तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी पाच वर्षांची. मांजर आली, तिच्यासमोर लोळली आणि पोट वर केलं. मी स्वयंपाकघरात होते. काय होतंय ते दिसताच हातातली पळी टाकून धावले, पण बाबा आधीच खुर्चीतून पुढे झाले होते. त्यांनी त्या मुलीचा हात धरला नाही, ओरडलेही नाहीत. तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि म्हणाले, "थांब. आधी तिची शेपूट पाह्य. हलून राहिली काय?"

मुलगी वाकून पाहायला लागली. मी दारात तशीच उभी राहिले. मांजर पुन्हा कुशीवर होईपर्यंत मी पळी उचलायला वळले नाही.